म्हशीचे दूध तापवताना: ऊत, साय आणि बुडाला लागणे

प्रश्न: आम्ही बेळगावला शहापुरात राहतो. गवळी रोज सकाळी म्हशीचे दोन लिटर दूध घालतो. गॅस मोठा ठेवला की पाठ वळताच दूध उतू जाते आणि त्या भीतीने बारीक ठेवला की बुडाला लागते. वर सायीचा जाड थर येतो, चहात त्याचे तुकडे तरंगतात आणि मुले दुधाला तोंड लावत नाहीत. पातेले साधे स्टीलचे आहे. नेमके काय करावे?

उत्तर:

आपल्या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे, म्हणून उपायही एकत्रच करावा लागेल. दुधातील प्रथिने तापली की जिथे पृष्ठभाग मिळेल तिथे जाऊन बसतात. तापलेल्या बुडावर बसली की दूध लागते, हवेच्या बाजूला जमून सुकली की साय धरते, आणि त्या सायीखाली वाफ कोंडली की ऊत येतो. त्यामुळे आच मोठी की बारीक, हा प्रश्न दुय्यम आहे. दूध कोमट झाल्यापासून उकळी फुटेपर्यंत, आणि उकळीनंतर निवेपर्यंत, ते एका जागी स्थिर राहू न देणे हे खरे काम आहे. कुंदा आणि बासुंदीसाठी दूध आटवणे हा माझा रोजचा व्यवसाय आहे. तिथे कढईपाशी माणूस उभा असतो तो याच कारणासाठी. घरी दोन लिटर दुधासाठी इतका वेळ उभे राहण्याची गरज नाही, मात्र कोणत्या क्षणी उभे राहायचे हे ठाऊक असले पाहिजे.

पहिल्यांदा बुडाचे पाहू, कारण आपल्याला सर्वांत जास्त कोडे तिथेच पडलेले दिसते. आच बारीक ठेवूनही दूध का लागावे? दुधात दोन जातींची प्रथिने असतात. पनीर करताना जे फाटून गोळा होते त्यातले केसीन नुसत्या उष्णतेला बराच वेळ दाद देत नाही. निवळीत उरणारी प्रथिने मात्र ७० अंशांच्या पुढे आपला मूळ आकार सोडून उलगडतात, चिकट होतात आणि दुधातल्या कॅल्शियमच्या क्षारांसह तापलेल्या धातूवर पातळ थर धरतात. हा पहिला थर पांढरट आणि मऊ असतो, डोळ्यांना दिसतही नाही. तो बसला की त्याखालची धातू दुधाने थंड होत नाही, तिचे तापमान वाढत जाते, आणि थरातली दुधाची साखर व प्रथिने आधी तांबूस होऊन मग करपतात. म्हणजे करपणे हा शेवटचा टप्पा आहे आणि चिकटणे त्याच्या बरेच आधी सुरू झालेले असते.

साधे स्टील उष्णता पसरवण्यात फार कमी पडते. ॲल्युमिनियमच्या तुलनेत त्याची ही क्षमता सुमारे पंधरावा हिस्सा असते. शेगडीचा लहान बर्नर बारीक केला की ज्योतीचे छोटे कडे पातेल्याच्या मधोमध येते, आणि पत्रा पातळ असल्यामुळे ती उष्णता कडेपर्यंत न जाता तेवढ्याच वर्तुळात साचते. आपल्या पातेल्याच्या बुडावर जो डाग पडतो तो बहुधा मधोमध, गोल किंवा कड्याच्या आकाराचा असेल. तसा असल्यास कारण हेच आहे. त्यातच बारीक आचेवर दूध अर्धा-पाऊण तास कोणी न ढवळता राहते आणि थर जाड व्हायला भरपूर वेळ मिळतो. बारीक आच स्वतः वाईट नाही. ती एकाच ठिकाणी लागते आणि तिच्या भरवशावर आपण दुसऱ्या कामाला जातो, हे वाईट आहे.

म्हणून भांडे बदलता आले तर अवश्य बदलावे. स्टीलच्या दोन पत्र्यांमध्ये ॲल्युमिनियमचा जाड थर असलेले, म्हणजे दुकानात ज्याला सँडविच बुडाचे म्हणतात तसे पातेले दुधासाठी उत्तम. नुसते जाड ॲल्युमिनियमचे पातेलेही चालते. नवे घ्यायचे नसेल तर सध्याच्या पातेल्याखाली जुना जाड लोखंडी तवा ठेवावा, त्यामुळे ज्योत एका जागी न लागता उष्णता पसरून वर जाते. यात गॅस थोडा जास्त जातो आणि आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. गॅस बंद केल्यावरही तवा तापलेला असतो, त्यामुळे ऊत येऊ लागला तर पातेले तव्यावरून खाली उतरवल्याशिवाय तो थांबत नाही. विजेच्या कॉइलच्या शेगडीलाही हेच लागू आहे.

भांड्याचे माप याहून महत्त्वाचे आहे. दोन लिटर दुधाला किमान चार लिटरचे पातेले हवे, म्हणजे दूध अर्ध्याच्या वर जाता कामा नये. अरुंद आणि उंच भांड्यात फेस झपाट्याने वर चढतो, रुंद तोंडाच्या भांड्यात तो पसरतो आणि फुटायला जागा मिळते. घरोघरी दूध उतू जाते त्यात निष्काळजीपणापेक्षा काठोकाठ भरलेल्या भांड्याचाच वाटा मोठा असतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता तुमचेच दोन लिटर दूध घेऊन सारी कृती क्रमाने सांगतो.

दूध आले की गाळून घ्यावे आणि आधी पळीभर दूध छोट्या वाटीत किंवा कढल्यात उकळून पाहावे. विशेषतः एप्रिल-मेमध्ये, गवळी खेड्यावरून येत असेल आणि धार काढून काही तास झाले असतील, तर ही परीक्षा चुकवू नये. आंबट होऊ लागलेले दूध फाटण्याच्या आधीच बुडाला जास्त चिकटते, आणि आपण पातेल्याला किंवा गॅसला दोष देत बसतो. पळीभर दुधात बारीक कण दिसले तर ते दूध सरळ पनीरसाठी वापरावे. कालचे उरलेले दूध आजच्या कच्च्या दुधात मिसळून तापवण्याची पद्धतही याच कारणासाठी सोडावी.

पातेले स्वच्छ असावे. आदल्या दिवशीचा करपलेला डाग किंवा तारेच्या घासणीचे ओरखडे राहिले असतील तर दूध नेमके तिथेच पुन्हा धरते. दूध ओतण्यापूर्वी पातेल्यात अर्धी वाटी गार पाणी घालून ते सगळीकडे फिरवावे, जास्तीचे ओतून टाकावे आणि बूड ओले असतानाच, गॅस न पेटवता, दूध घालावे. आपल्याकडच्या आज्या हे करत आल्या आहेत आणि त्यात तथ्य आहे. कोरड्या धातूच्या बारीक खाचांत दूध थेट शिरण्याऐवजी आधी पाणी बसते, त्यामुळे पहिला थर धरायला उशीर लागतो. मात्र हा केवळ उशीर आहे. एवढ्यावर विसंबून ढवळणे सोडले तर दूध लागतेच. याच्या अगदी उलट चूक म्हणजे रिकामे पातेले आधी गॅसवर तापवून मग त्यात दूध ओतणे. तसे केल्यास दूध पहिल्या मिनिटातच धरते.

मध्यम आच लावावी. ज्योतीची टोके बुडाच्या कडेबाहेर येऊ नयेत, कारण कडेने वर जाणारी ज्योत पातेल्याच्या बाजू तापवते आणि दुधाच्या रेषेलगत करपलेले कडे तयार होते. मध्यम आचेवर दोन लिटर दूध उकळायला साधारण पंधरा ते वीस मिनिटे लागतात. यातली पहिली सात-आठ मिनिटे तुम्ही निर्धास्तपणे दुसरे काम करू शकता. दूध बोटाला चांगले गरम लागू लागले आणि वर वाफेची पहिली रेघ दिसू लागली की उलथणे हातात घ्यावे. सपाट कडेचे लाकडी उलथणे सर्वांत चांगले, कारण गोल डाव बुडाला एका टोकाने टेकतो आणि बाकीचे बूड तसेच राहते. दूध वरवर घुसळण्याचा काही उपयोग नाही. उलथण्याची कड बुडाला टेकवून आधी कडेने गोल आणि मग मधून आडवी फिरवावी, दर मिनिटाला तीन-चार फेऱ्या पुरतात. शेवटच्या चार-पाच मिनिटांत मात्र हात जवळजवळ सतत चालू ठेवावा.

बूड काय म्हणते ते हाताला कळते. स्वच्छ बुडावर उलथणे निसटत जाते. थर धरू लागला की ते किंचित अडखळते, ओल्या कापडावरून ओढल्यासारखे वाटते. त्या क्षणी आच कमी करून तोच भाग दोन-तीनदा हळुवार पुसून घेतला तर मऊ थर सुटतो आणि दुधात विरतो, चवीला काहीही होत नाही. पण उलथण्याला खरखर लागली, किंवा तांबूस कण वर आले, तर मग बुडाला हात लावू नये. गॅस बंद करावा, वरचे दूध अलगद दुसऱ्या पातेल्यात ओतावे आणि तळाचे पाव कप दूध तसेच सोडून द्यावे. करपट वास बुडाच्या थरात असतो आणि खरवडल्यामुळेच तो सगळ्या दुधात पसरतो. वास एकदा दुधात उतरला की वेलची-जायफळाने झाकतो, जात मात्र नाही.

आमच्या कुंद्याचा तांबूस रंग पाहून पुष्कळांना वाटते की दूध थोडे करपवावेच लागते. तसे नाही. तो रंग दूध आणि साखर सतत हलवत सगळीकडून सारखी भाजल्याने येतो. बुडाला एक बोटभर जागा जरी लागली तरी सगळी कढई कडवट होते.

आता उताविषयी. साधारण ७० अंशांच्या पुढे, ढवळले नाही तर, दुधावर प्रथिने आणि स्निग्धांशाचा पडदा धरू लागतो. पुढे बुडाशी वाफेचे बुडबुडे तयार होऊन वर येतात. पाण्यात ते फुटून जातात. दुधात ते आधी प्रथिनांमुळे लवकर फुटत नाहीत आणि वर सायीच्या पडद्याला अडतात. पडदा आणि फेस मिळून वर उचलले जातात आणि काही सेकंदांत काठावरून खाली येतात. म्हणजे उताची पूर्वतयारी बरीच मिनिटे चाललेली असते, फक्त शेवट वेगवान असतो. तयारी ओळखता येते. आधी कडेने बारीक बुडबुड्यांची माळ धरते. मग पडद्यावर सुरकुत्या पडतात आणि तो मधोमध किंचित फुगतो. बुडाशी येणारा बारीक सूं असा आवाज याच सुमारास मंदावतो. आवाज मंदावला की भांड्यापासून हलू नये.

ढवळत राहिल्यास पडदा धरतच नाही, म्हणून वाफेला वाट मिळते आणि ऊत शांतपणे चढतो. तरीही तो चढलाच तर गॅस एकदम कमी करावा आणि पातेले सांडशीने उचलून बाजूला धरावे. जाड बुडाच्या पातेल्यात उष्णता साठलेली असते, त्यामुळे नुसता गॅस बंद करणे पुरेसे नसते. हाताशी पाण्याची वाटी ठेवून चमचाभर पाण्याचा शिंतोडा फेसावर मारला तर तो लगेच बसतो. एवढ्या पाण्याने दूध पातळ होत नाही.

पातेल्यावर आडवे ठेवलेले लाकडी उलथणे, काठाला आतून लावलेले तूप, तळाशी पालथी ठेवलेली छोटी बशी, हे उपाय तुम्ही ऐकले असतील. तिन्ही खरे आहेत आणि तिन्हींना मर्यादा आहे. कोरड्या, थंड लाकडाला लागला की फेस फुटतो, पण लाकूड ओले आणि गरम झाले की तो त्याच्यावरून सहज पुढे जातो. तुपाने फेसाचा पापुद्रा कमकुवत होतो, आच मध्यम असेल तोवर. बशीच्या कडेखाली वाफ साठून मोठा बुडबुडा सुटतो, तो पडदा फोडतो आणि बशी खडखडून सूचना देते, हा तिन्हींतला सर्वांत विश्वासू उपाय. मात्र बशी असताना बुडावरून उलथणे फिरवता येत नाही आणि बशीखाली दूध अडकून लागू शकते, म्हणून तो फक्त जाड बुडाच्या भांड्यातच करावा. भरलेल्या पातेल्याला आणि मोठ्या ज्योतीला यातला एकही उपाय पुरत नाही.

झाकणाचेही येथेच सांगतो. दूध तापत असताना पूर्ण झाकण कधीही ठेवू नये, कारण वाफ कोंडून ऊत लवकर येतो आणि तो दिसतही नाही.

उकळी किती वेळ द्यावी? दुग्धशाळेत दूध ७२ अंशांवर पंधरा सेकंद ठेवून जंतुरहित नव्हे पण सुरक्षित केले जाते. घरी पूर्ण उकळी फुटल्यावर आच अगदी कमी करून, ढवळत, एक-दोन मिनिटे ठेवले की गवळ्याच्या कच्च्या दुधासाठी ते पुरेसे आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्यामुळे आपल्याकडे पाणी ९७-९८ अंशांच्या आसपासच उकळते. कोणी तापमापी वापरत असेल तर १०० चा आकडा दिसण्याची वाट पाहू नये, त्या नादात दूध उगाच आटते आणि लागते. पिशवीचे दूध आधीच पाश्चराइज केलेले असते, ते थंड साखळी न तुटता घरी आले असेल तर पुन्हा खळखळून उकळण्याची गरज नसते. गवळ्याच्या दुधाला मात्र ही सूट नाही.

राहिली साय. आपण उकळी आली की गॅस बंद करून पातेले जाळीने झाकून ओट्यावर ठेवत असाल. जाड सायीसाठी यापेक्षा चांगली व्यवस्था नाही. गरम दुधाच्या पृष्ठभागावरून पाणी उडून जाते, तिथली प्रथिने दाट होऊन एकमेकांना धरतात, आणि म्हशीच्या दुधातला ६ ते ८ टक्के स्निग्धांश वर येऊन त्या जाळ्यात अडकतो. गाईच्या दुधाची साय पातळ राहते ती स्निग्धांश कमी म्हणून, आणि काही पिशव्यांच्या दुधाची आणखी पातळ असते ती त्यातले स्निग्ध कण यंत्रात बारीक फोडलेले असतात म्हणून.

साय नको असेल तर गरम आणि स्थिर हा काळ लहान करावा. परातीत दुधाच्या उंचीइतके गार पाणी घ्यावे, त्यात पातेले ठेवावे आणि पहिली पाच-सात मिनिटे दूध अधूनमधून ढवळावे. परातीतले पाणी गरम झाले की एकदा बदलावे. पातेल्याला हात सहज लावता येऊ लागला की साय धरण्याचा वेग फार कमी होतो. मग सपाट, घट्ट झाकण ठेवून दूध फ्रिजमध्ये ठेवावे. फार गरम दुधावर घट्ट झाकण ठेवले तर साय थोडी कमी येते हे खरे, पण दूध तासन्तास कोमट राहते आणि उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत नासते, म्हणून आधी निववणेच योग्य. फ्रिजमध्येही म्हशीच्या दुधावर मलईचा मऊ थर येईल. ती वाळलेली साय नव्हे, वर आलेला स्निग्धांश आहे, डावाने हलवले की बराचसा परत मिसळतो.

मुलांसाठी आणि चहासाठी सगळे पातेले पुन्हा पुन्हा तापवू नये. लागेल तेवढेच दूध काढून, ढवळत तापवावे आणि कपात चहाच्या गाळणीतून ओतावे. प्रत्येक वेळी नवा पापुद्रा येतो आणि चहात तरंगणारे तुकडे बहुधा या दुसऱ्या-तिसऱ्या तापवण्यातले असतात. घरात लोण्यासाठी साय हवी असेल तर दोन भाग करावेत. एक लिटर वर सांगितल्याप्रमाणे निववावे, दुसरे जाळीने झाकून साय धरू द्यावी.

स्वयंपाकघरात इतका वेळ देणे शक्य नसेल तर शिट्टीचा दुहेरी भिंतीचा दुधाचा कुकर घ्यावा. त्याच्या भिंतींमधल्या पाण्यामुळे दुधाला पाण्याच्या उकळबिंदूपेक्षा जास्त उष्णता लागत नाही, त्यामुळे दूध करपत नाही आणि उतूही जात नाही. शिट्टी दूध उकळल्याची नसून पाणी उकळल्याची असते, म्हणून शिट्टीनंतर आच कमी करून आणखी आठ-दहा मिनिटे ठेवावे आणि मध्ये एकदोनदा ढवळावे. दुधाला खळखळून उकळी येणार नाही, पण ते सुरक्षित होण्याइतके तापते. भरण्याच्या छिद्रातून पाणी दर वेळी नीट मापाने घालावे. पाणी आटून कुकर कोरडा पडला तर आतला पत्रा साध्या पातेल्यासारखाच करपवतो आणि भांडेही खराब होते. साय त्यातही येतेच, निववण्याची पद्धत तीच.

सध्याच्या पातेल्यावर डाग असेल तर तारेने घासू नका. डाग बुडेल इतके पाणी आणि दोन चमचे खाण्याचा सोडा घालून दहा मिनिटे उकळावे, रात्रभर तसेच ठेवावे आणि सकाळी लाकडी उलथण्याने थर ढकलून काढावा. ॲल्युमिनियमच्या भांड्याला सोडा वापरू नये, तो धातू काळी पाडतो. तिथे नुसत्या पाण्यात भिजवून, लागेल तर दुसऱ्यांदा उकळून, थर सैल करावा.